तिरुमलाचा घाट: देवदर्शनाच्या वाटेवरची 50 कोटी वर्षं

कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जाणाऱ्यांत आम्ही नवे नाही. या खेपेला मात्र दर्शनाइतकंच घाटातली एक रेघ बघायची असं मी घरातून ठरवून निघालो होतो. बीएस्सीला भूशास्त्र घेतलेल्या माणसाने चार वेळा तिथून जाऊन ती पाहिली नाही, ही जुनी बोच होती. बायको म्हणाली, "बघा तुमची रेघ, पण रांगेची वेळ चुकवू नका."

रेघ म्हणजे ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइट यांच्यातली सीमा. खाली सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा पट्टेदार खडक, वर त्याहून कितीतरी तरुण, वाळूपासून बनलेला नगरी क्वार्टझाइट. मधल्या किमान 50 कोटी वर्षांतला एकही थर नाही. याला आम्ही कॉलेजात सरळ अनकन्फॉर्मिटी म्हणायचो, पुस्तकात विसंगती म्हणतात. या जागेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर केलं आहे.

पहिली फजिती चढतानाच झाली. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे आणि घाटात मनाला येईल तिथे गाडी थांबवता येत नाही. टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्याने मान हलवून थेट वरच नेलं. मग उतरताना बस घेतली. जाणाऱ्यांना माझा सल्ला: बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट पकडा. दरडीची बाजू वळणागणिक बदलते, बाजूच्या खिडकीतून अर्धंच दिसतं. सकाळचं कोवळं ऊन असेल तर उत्तम. हातोडी घरी ठेवा. हा डोंगर देवाचा आहे आणि खडक सरकारचा, एक कपचीही उचलू नका.

पण खरं चित्र दिसतं ते घाटात शिरण्याआधी, अलिपिरीच्या पायथ्यापासून. डोंगराकडे तोंड करून दोन मिनिटं उभे राहा. वरचा भाग भिंतीसारखा कापलेला, आडव्या थरांचा. खालचा भाग गोलसर, झाडीने झाकलेला, उताराचा. उतार जिथे अचानक कडा होतो, ती जागा नजरेत धरून ठेवा. घाटात रस्त्याच्या कापात तीच सीमा जवळून जाते.

जवळून पाहिलं की खालचा खडक ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. गुलाबी-पांढरा फेल्डस्पार, राखाडी गारगोटी, काळे ठिपके. वरच्या खडकात फेल्डस्पार जवळपास नाहीच. सगळे गारगोटीचे कण, साखरेसारखे एकमेकांना चिकटलेले. तळाशी गारगोटीचे गोटेही सापडतात. ग्रॅनाइट उघड्यावर पडला की फेल्डस्पारची माती होते आणि पाण्याबरोबर निघून जाते, गारगोटी तेवढी टिकते. इतकी निवडक वाळू साठली म्हणजे खालची जमीन फार काळ कुजत, झिजत पडली असणार.

आता कुणी म्हणेल, ग्रॅनाइट नंतर वितळून खालून वर घुसला असेल कशावरून नाही? घुसला असता तर त्याच्या शिरा वरच्या वाळूत गेल्या असत्या, वाळूचा खडक सीमेपाशी भाजला असता आणि त्याचे तुकडे ग्रॅनाइटमध्ये अडकले असते. इथे उलटं आहे, खालच्या खडकाचा माल वरच्या थरात आहे. आणि प्रस्तरभंग असता, म्हणजे दोन खडक एकमेकांवर सरकले असते, तर सीमेवर चुरडलेला खडक आणि घासल्याचे गुळगुळीत ओरखडे दिसले असते. या दोन शंका फिटल्याशिवाय कुठल्याही रेघेला अनकन्फॉर्मिटी म्हणायचं नाही, हे आमच्या सरांनी डोक्यात ठोकून बसवलं होतं.

रेघेचा अर्थ ग्रॅनाइटमध्ये आहे. ग्रॅनाइट जमिनीवर बनत नाही. इतके मोठे स्फटिक वाढायला शिलारस कित्येक किलोमीटर खोल, हळूहळू थंड व्हावा लागतो. म्हणजे त्यावर वाळू पसरण्याआधी डोक्यावरचे ते सगळे किलोमीटर निघून गेलेले होते. हिशेबापुरते 10 किमी धरू आणि वेळ 50 कोटी वर्षं. सरासरी पडते दर 10 लाख वर्षांत 20 मीटर, म्हणजे 50 वर्षांत एक मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही.

पण ही सरासरी फसवी आहे. हिमालयासारख्या उठणाऱ्या डोंगरात वर्षाला एक मिलिमीटर झीज ही नवलाची गोष्ट नाही. त्या वेगाने 10 किमी एका कोटी वर्षांत संपतात. मग उरलेली 49 कोटी वर्षं काय झालं? कदाचित जमीन सपाट पडून होती. कदाचित मध्ये एखादा समुद्र येऊन गाळ टाकून गेला आणि तो गाळही पुढे धुऊन निघाला. हरवलेल्या काळात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, जे कधी साठलंच नाही ते आणि जे साठून वाहून गेलं ते. एकटी रेघ बघून त्या वेगळ्या करता येत नाहीत. किती उपसलं गेलं हे ती सांगते, केव्हा उपसलं हे नाही.

शिवाय झीज आणि उठाव एकमेकांना सोडत नाहीत. माल उतरवलेली होडी जशी पाण्यातून वर येते, तसं झिजलेलं कवच खालच्या जड प्रावरणावर वर उचललं जातं. एक किलोमीटर खडक गेला की साधारण 800 मीटर जमीन पुन्हा वर येते, म्हणजे उंची निव्वळ 200 मीटरच घटते. म्हणून खोलवरचा ग्रॅनाइट उघडा पडायला इतका काळ आणि इतका उपसा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या अंतराचे आकडे ठिकठिकाणी वेगळे वाचायला मिळतील, 50 कोटीही आणि 80 कोटीही. ग्रॅनाइटचं वय त्यातल्या झिरकॉन नावाच्या टिकाऊ खनिजावरून थेट काढता येतं. वाळूतला झिरकॉन मात्र वाळूचं नव्हे, तो ज्या जुन्या खडकातून आला त्याचं वय सांगतो. त्यावरून 'वाळू याहून जुनी नाही' एवढंच कळतं. त्यामुळे दोन्ही आकडे वाचून गोंधळू नका, सैल आहे ते वरच्या वाळूच्या वयाचं टोक.

वर पोचल्यावर शिलातोरणम् चुकवू नका. क्वार्टझाइटची ती नैसर्गिक कमान देवळापासून फार लांब नाही. तिथे वरच्या खडकाचे थर सावकाश बघता येतात, जे धावत्या बसमधून जमत नाही. अलिपिरीच्या 3550 पायऱ्या चढणार असाल तर वाटेत खडक बदलताना जाणवतो, पण बिबट्याच्या भीतीमुळे एकट्याने मागे रेंगाळू नका. पाण्याची बाटली स्टीलची घ्या, प्लॅस्टिकची वर चालत नाही.

आमच्या मेहुण्यांनी विचारलं, "असं आपल्याकडे नाही का?" आहे की, पायाखाली. कोयनेजवळ भूकंप अभ्यासासाठी खोदलेल्या विवरांत साधारण 900 मीटरच्या पुढे बेसॉल्ट संपून थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा थर नाही. वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि खाली अडीचशे कोटींहून जुना खडक. आपली रेघ तिरुमलापेक्षा कितीतरी मोठी, फक्त ती बघायला जाता येत नाही.

परतताना गाडीला वेळ होता म्हणून स्वर्णमुखीच्या कोरड्या पात्राशी थांबलो. तिथे ग्रॅनाइटच्या खडकावर या पावसाळ्यात आलेली वाळू पडली होती. मी तळहाताने ती बाजूला सारली. बायको म्हणाली, "आता ही कुठली रेघ?"

"250 कोटी आणि या वर्षीचा जुलै," मी म्हटलं.