सरासरीने फसवलेला इन्सेंटिव्ह

"आमची आठ पोरं मार्केटला फिरतात. त्यांना इन्सेंटिव्ह किती टक्के ठेवू आणि वर्षाच्या प्रोजेक्शनमध्ये त्याचा खर्च कसा धरू?"

टक्का ठरवायच्या आधी पोरांच्या विक्रीचा पसारा बघा. मी तो बघितला नव्हता. मसाल्याच्या एका छोट्या कंपनीचा हिशेब तेव्हा माझ्याकडे होता. समजायला सोपे पडावेत म्हणून खालचे आकडे गोल केलेत, चूक मात्र अस्सल आहे.

आठ सेल्समन, प्रत्येकाचं महिन्याचं टार्गेट ६ लाख. स्लॅब असे: टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली शून्य, ८० पासून एकूण विक्रीवर १ टक्का, १०० पासून दीड, १२० पासून अडीच. टीम सरासरी ९५ टक्के गाठेल, म्हणजे विक्री ४५ लाख ६० हजार, असं धरून मी त्यावर १ टक्का लावला. प्रोजेक्शनमध्ये ४५,६०० रुपये टाकले आणि फाइल मिटवली.

विक्री झाली बरोबर ४५ लाख ६० हजार. इन्सेंटिव्ह गेला ६४,३५०.

कारण सरासरीएवढी विक्री करणारा माणूस त्या टीममध्ये नव्हताच. दोघे ३.६ लाखांवर अडकले, एक साडेचारवर, म्हणजे तिघांना काहीच नाही. ५.४ लाखवाल्याला ५,४००, बरोबर ६ लाख करणाऱ्याला ९,०००, ६.३ वाल्याला ९,४५०. वरचे दोघे मात्र ७.८ आणि ८.४ लाखांवर गेले आणि त्या दोघांनीच ४०,५०० नेले. खालच्यांची तूट वरच्यांच्या विक्रीने भरून निघाली, पण इन्सेंटिव्ह काही तसा भरून निघत नाही. स्लॅब चढता असला की विक्री जितकी विखुरलेली, तितका खर्च बहुतेक वेळा सरासरीच्या हिशेबापेक्षा वर जातो. म्हणून प्रोजेक्शनमध्ये टीमची एक ओळ चालत नाही, माणशी एक ओळ लागते.

दुसरा घोळ मला विक्रीच्या तारखांवरून कळला. २९-३० तारखेला बिलांचा ढीग आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माल परत. ७ लाख १९ हजारांवर थांबलेल्याला साधारण १०,८०० मिळणार, आणखी हजाराचं बिल झालं की १८,०००. त्या एका हजाराच्या बिलाला सात हजारांची किंमत असेल, तर पोरगा वितरकाच्या हातापाया पडून पेटी ढकलणारच. त्याला बेइमान म्हणण्यात अर्थ नाही, उडी आपणच लावून दिलेली असते.

मग स्लॅब इन्कम टॅक्ससारखा केला: टक्का फक्त त्या टप्प्यातल्या वाढीव विक्रीवर. ८० ते १०० टक्क्यांमधल्या विक्रीवर ५ टक्के, त्यापुढच्या विक्रीवर ६. ऐकायला जास्त वाटतं, पण वितरकाचं मार्जिन, माल आणि भाडं वजा जाऊन आमच्याकडे शंभराला १८ रुपये उरत होते. त्यातले ६ देणं परवडत होतं. तुमच्याकडे आठच उरत असतील तर हा दर उचलू नका. B मध्ये विक्री आणि C मध्ये टार्गेट असेल, तर प्रत्येकाच्या ओळीत हे सूत्र:

```
=MAX(0,MIN(B2,C2)-0.8*C2)*5%+MAX(0,B2-C2)*6%
```

तीच विक्री, तीच आठ माणसं, पण बेरीज ५४,०००. शिवाय शेवटच्या हजाराच्या बिलाला आता ६० रुपयेच मिळतात, त्यासाठी कोणी माल ढकलत नाही.

पैसे कधी द्यायचे, हे वेगळं ठरवा. आम्ही वसुली झाल्यावर आणि परत आलेला माल वजा करूनच देतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या विक्रीचा इन्सेंटिव्ह नफा-तोट्यात ऑक्टोबरलाच तरतूद म्हणून दिसतो, पण उधारी महिन्याची असल्यामुळे रोकड डिसेंबरच्या पगारासोबत जाते. दिवाळीचा माल ऑक्टोबरला निघाला, तर तो सगळा बोजा डिसेंबरला येतो, आणि तेव्हा विक्री नेमकी मंदावलेली असते. कॅश फ्लोच्या पानावर हे नसेल तर पगाराच्या आदल्या दिवशी बँकेत धावपळ होते. (आमची झाली.)

नवी योजना पोरांना लगेच आवडली असं नाही. बरोबर ६ लाख करणाऱ्याचे ९,००० वरून ६,००० झाले, आणि तो भांडायला आला तेव्हा त्याचं खोटं नव्हतं. शेवटी सगळ्यांचा पक्का पगार हजाराने वाढवला. महिन्याला ८,००० वाढले, म्हणजे एकूण ६२,०००, वर त्याचा थोडा पीएफ. जुन्या खर्चापेक्षा फारशी बचत उरली नाही, मालकांनी तेही तोंडावर सांगितलं. पण पहिल्या आठवड्यात परत येणाऱ्या पेट्या थांबल्या, आणि पुढच्या वर्षीची ओळ भरताना मला सरासरी काढावी लागली नाही.