पुण्यतिथीचं भाषण: अण्णांबद्दल पाच मिनिटांत काय सांगावं?

तुम्ही विचारलंत म्हणून: "९ मेला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पुण्यतिथीला शाळेत बोलायचंय. अण्णांचे विचार आजच्या मुलांशी कसे जोडू?"

एकच विचार आणि एकच प्रसंग घ्या. मिनिटाला शंभर-एक शब्द धरले, तर पाच मिनिटांत पाचशे शब्द मावतात. कुंभोजचा जन्म, १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना, पद्मभूषण, १९५९ साली निधन अशी सनावळी सुरू केली की निम्मा वेळ तिथेच जातो आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. तो परिचय सूत्रसंचालकाकडे सोपवा.

मी निवडेन ते साताऱ्याचं वसतिगृह. १९२४ साली अण्णांनी ते सुरू केलं आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सुरुवात थेट अशी करा: "शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात वेगवेगळ्या जातींची मुलं एकाच चुलीवरचं अन्न एका पंगतीत जेवत होती." मग थोडं थांबा. त्या काळी हे किती अवघड होतं, ते दोन वाक्यांत सांगा. मुलं स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं स्वतः करायची हे सांगा. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही, हे मात्र आवाज न चढवता सांगा. रडवायला गेलात तर प्रसंग हातचा जातो.

बहुतेक भाषणं घसरतात ती यापुढे. "आजची मुलं मोबाइलमध्ये बुडाली आहेत" म्हणताच समोरची मुलं मनाने उठून जातात. त्याऐवजी पंगतीचा धागा धरा. आपल्या शाळेत पोषण आहाराला कोण कोणाशेजारी बसतं? नव्या मुलाला डबा खायला कोण बोलावतं? प्रश्न विचारून सोडून द्या, उत्तर तुम्ही देऊ नका.

'स्वावलंबी शिक्षण' या ब्रीदाचा अर्थ "गरिबाने राबावं" असा लावू नका. शिक्षण दान म्हणून न घेता आपल्या श्रमावर मिळवायचं, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही, असा अण्णांचा रोख होता. 'कमवा आणि शिका' योजना महाविद्यालयांत आजही चालते. दहावीच्या मुलांना तिची माहिती सांगा, पुढे कामाला येईल. लहान वर्गांसाठी मात्र वर्ग झाडणं, बाग राखणं एवढंच बोला. चौदाच्या आतल्या मुलांना नोकरीला लावणं कायद्यात बसत नाही.

एक अडचण आधीच ओळखा. ९ मे उन्हाळी सुट्टीत येतो. समोर मुलं थोडी आणि माजी विद्यार्थी, शिक्षक जास्त असतील. तसं असेल तर पंगतीचे प्रश्न त्यांच्याकडे वळवा: वसतिगृहातल्या एका मुलाचा वर्षाचा खर्च कोण उचलेल?

व्हॉट्सअॅपवर फिरणारी अण्णांची 'वचनं' मूळ पुस्तकात सापडल्याशिवाय उद्धृत करू नका. श्रोत्यांत रयतचा एखादा निवृत्त मुख्याध्यापक असतोच.