एक पुडी आणि एक पेला

सकाळी ज्या सव्वा वर्षाच्या मुलाला पातळ जुलाबांसाठी तपासून घरी पाठवले होते, तोच दुपारी आईच्या कडेवर परत आला. डोळे खोल गेले होते, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली की हळूहळू सपाट होत होती आणि माझ्या हातातल्या वाटीकडे तो झेपावत होता. तहानेने असे झेपावणारे मूल म्हणजे अजून पिऊ शकणारे मूल, हे आमच्या कामात फार महत्त्वाचे असते. मरगळून पडला असता आणि पीतही नसता, तर त्याला ताबडतोब सलाईन लावावे लागले असते.

आईने सोबत दुधाची बाटली आणली होती. "सिस्टर, तुम्ही सांगितलेलं ओआरएस दिलं, पण तो ओकतोच आहे," असे ती म्हणाली. मी बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वेडेवाकडे झाले. नीट बनवलेले ओआरएस अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. हे कितीतरी खारट होते. एक लिटर पाण्याची पूर्ण पुडी तिने एका पेल्यात ढवळली होती.

चूक तिची नव्हती. सकाळी "ही पुडी पाण्यात घालून घोट घोट पाजा" असे मीच सांगितले होते. किती पाण्यात, ते सांगितले नव्हते. त्यातच २०० मिलिलिटरची लहान पुडीही मिळते, आणि मोठ्या व लहान पुड्या इतक्या सारख्या का छापतात, हे मला आजवर कळलेले नाही. पुडीतल्या ग्लुकोजच्या जोडीने आतड्यातून मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी जाते, पण ते द्रावण योग्य पातळ असेल तरच. पाचपट दाट द्रावण उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढवते आणि रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या चढवू शकते. म्हणून डॉक्टरांनी सोडियम लगेच तपासून घेतले. ते मर्यादेत होते, कारण सुदैवाने बहुतेक द्रावण त्याने ओकून टाकले होते.

मग मी मोजपात्रात उकळून गार केलेले एक लिटर पाणी घेतले आणि आईकडूनच त्यात पूर्ण पुडी रिकामी करवली. पुडी अर्धी करून अर्धा लिटर बनवावे असे अनेकांना वाटते, पण डोळ्यांनी पूड अर्धी करता येत नाही. मुलाचे वजन ९ किलो होते. त्याच्याइतक्या पाणी कमी झालेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर द्यायचे असते, म्हणजे ६७५. आमचा चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे १३५ चमचे. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला की दर पावणेदोन मिनिटांच्या आसपास एक चमचा येतो. "एक-दोन मिनिटांना चमचाभर" हा नियम मी वर्षानुवर्षे पोपटासारखा सांगत आले होते. त्यामागचे गणित त्या दिवशी आईसमोर कागदावर मांडताना पहिल्यांदा नीट दिसले. "घोट" या शब्दात यातले काहीच नव्हते. तिने बाटली तोंडाला लावली होती आणि तहानलेल्या मुलाने ती गटागटा ओढली होती.

पहिला तास सुरळीत गेला. नंतर आई पाणी प्यायला उठली, तेवढ्यात वडिलांनी कौतुकाने वाटीच त्याच्या ओठांना लावली आणि दोन मिनिटांत सगळे बाहेर आले. "सलाईनच लावा ना," असा आग्रह त्यांनी तेव्हा धरला. सुई दिसली की उपचार झाल्यासारखा वाटतो, चमच्याला तो मान नाही. आम्ही दहा मिनिटे थांबलो, मग दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा असे सुरू केले आणि उलटी होत नाही असे पाहून पुन्हा पहिल्या गतीवर आलो. मधूनमधून आईचे दूध चालूच होते.

चार तासांनी सुमारे १२० चमचे पोटात गेले होते. चिमटीतली त्वचा लगेच सपाट होऊ लागली, लंगोट ओला झाला, आणि मी वजनकाट्यावर ठेवताच तो खऱ्या अश्रूंनी रडला. घरी जाताना चौदा दिवसांसाठी रोज २० मिलिग्रॅम झिंक दिले, दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्रावण याच गतीने द्यायला सांगितले आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून टाकायला सांगितले. रक्त पडले, पिणे थांबले किंवा तो सुस्तावला तर तसेच निघून यायचे, हेही सांगितले.

आईच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. तीत मोजपात्रातून एक लिटर ओतून पातळीवर मी पेनाने रेघ मारून दिली. आता प्रत्येक आईकडून मी माझ्यासमोर पुडी मिसळून घेते आणि दहा चमचे पाजून घेते. सहकारी म्हणतात, रांग अडते. अडते खरी, पण सकाळी मी वाचवलेली दोन मिनिटे दुपारी चार तासांनी फेडावी लागली, आणि सोडियम चढलेले निघाले असते तर काय, हा हिशेब मला अजून पुरता जमलेला नाही.