सीए फायनल सोडायची की नाही, हा हिशेब मी कसा मांडला

फायनलचा निकाल लागला की घरात पहिला हिशेब होतो तो आजवरच्या खर्चाचा: क्लासची फी, सीएच्या हाताखाली काम शिकण्यात, म्हणजे आर्टिकलशिपमध्ये गेलेली वर्षं, पुण्यातलं खोलीभाडं. निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही, कारण परीक्षा दिली काय किंवा सोडली काय, तो आकडा तोच राहतो. मी तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला आणि पुढच्या बाजूला फक्त पुढे काय बदलू शकतं तेवढंच ठेवलं.

फायनलचे पेपर दोन ग्रुपांत असतात. माझा दुसरा ग्रुप निघाला होता. अडलं होतं पहिल्यात. मे महिन्याच्या मार्कशीटवर फायनान्शियल रिपोर्टिंग ३८, फायनान्शियल मॅनेजमेंट ६४, ऑडिट ४४, बेरीज १४६. ग्रुप निघायला प्रत्येक पेपरात ४० आणि तिन्ही मिळून १५० लागतात. ६४मुळे त्या पेपरात एक्झेम्प्शन लागलं, म्हणजे तो पुन्हा न देता तेच ६४ पुढच्या बेरजेत धरले जातात. त्यामुळे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ हवे होते, पण दोन्हींत किमान ४०.

मागे खर्च झालेल्यातली एवढी एकच गोष्ट मी पुढच्या बाजूला घेतली, कारण एक्झेम्प्शन अजून चालणारं नाणं आहे. मात्र त्याला मुदत असते: पुढचे तीन अटेम्प्ट. २०२५पासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, त्यामुळे पूर्वी दीड वर्षं पुरणारी मुदत आता वर्षभरात संपते. नंतर ते कायमचं ठेवता येतं, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० मिळवावे लागतात. म्हणजे मला ८६च्या जागी १०० लागले असते. नुसतं ‘आणखी एकदा बसू’ म्हणताना हा फरक कुणी मोजत नाही.

सप्टेंबरमध्ये रिपोर्टिंग ४१, ऑडिट ४२. दोन्हींची बेरीज ८३, म्हणजे तीन मार्क कमी. सगळ्यात फसवा आकडा हाच. ‘तीनच तर कमी पडले’ असं वाटतं, पण पुढच्या वेळी सुरुवात ८३पासून होत नाही, शून्यापासून होते. किती कमी पडले यापेक्षा का कमी पडले, ते बघावं लागतं.

त्यासाठी परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटकडून उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. पडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर बघतात, फेरतपासणी होत नाही. म्हणून मार्क वाढतील या आशेनं नव्हे, तर चूक कुठल्या जातीची आहे ते कळावं म्हणून प्रत मागवायची. माझ्या रिपोर्टिंगच्या प्रतीत शेवटचा मोठा प्रश्न कोरा होता आणि सोडवलेल्यांना मार्क बरे होते. हा वेळेचा दोष, तीन तासांचे पेपर लावून सुधारण्यासारखा. ऑडिटमध्ये मात्र पानं भरलेली होती, पण उत्तरं मोघम होती. कुठल्या स्टँडर्डनुसार ऑडिटरनं नेमकं काय करायचं, ते त्यांत नव्हतं. हा दोष वेळ वाढवून जात नाही, वाचायची पद्धतच बदलावी लागते.

मग खर्च. एका ग्रुपची परीक्षा फी दोन हजारांच्या आत असते, त्यामुळे अटेम्प्ट स्वस्त वाटतो. खरा खर्च पगाराचा. हातात महिना २८ हजारांची नोकरी होती. निकालापर्यंत चार महिने घरी बसायचं तर ती किंमत १ लाख १२ हजार.

जानेवारीचा फॉर्म भरला, पण अट आधी लिहून ठेवली: बाहेरून तपासून घेतलेल्या सराव पेपरांत दोन्हीकडे ४८ आले, तरच पूर्णवेळ अभ्यास, नाहीतर नोकरी धरून जमेल तसं बसायचं. ४८ अशासाठी की खऱ्या पेपरात पाच मार्क इकडेतिकडे होतातच, आणि गरज सरासरी ४३ची होती. अट नंतर ठरवली असती, तर आलेल्या मार्कांना शोभेल अशीच ठरली असती.

रिपोर्टिंगला ५१ आले, ऑडिटला ४१. नोकरी धरली. जानेवारीच्या खऱ्या पेपरात रिपोर्टिंग ४७ आणि ऑडिट ३८; बेरीज ८५, शिवाय ऑडिट चाळीसच्या खाली. मे महिन्याचा फॉर्म भरला नाही.

सोडताना काय हातचं जातं, तेही तपासलं. निघालेला ग्रुप जात नाही, फायनलच्या आधीची इंटर परीक्षा जात नाही, आर्टिकलशिपचा अनुभव तर नाहीच. गेलं ते एक्झेम्प्शनचा सोपा भाग. दोन वर्षांनी बसायचं म्हटलं, तर उरलेल्या दोन्ही पेपरांत ५०-५० मिळवावे लागतील किंवा तिन्ही पेपर पुन्हा द्यावे लागतील.

नोकरीच्या अर्जात ‘सीए करत आहे’ लिहू नका. मुलाखतीत लगेच ‘परीक्षेला किती सुट्टी लागेल?’ असं विचारतात आणि पगार तिथेच अडतो. ‘सीए इंटर उत्तीर्ण, आर्टिकलशिप पूर्ण, फायनल ग्रुप दोन उत्तीर्ण’ एवढं लिहा आणि खाली आर्टिकलशिपमध्ये स्वतः हाताळलेली जीएसटी रिटर्न, टॅक्स ऑडिट, बँक ऑडिट यांची नावं घाला. माझ्या मुलाखतीत अर्धा वेळ त्याच यादीवर गेला.