बिल जुळलं आणि तिथंच फसलो

आमचं जळगावात छोटं दुकान, घरावर सोलर बसवून देतो. घरी जायच्या आधी मी गिऱ्हाइकाला सांगतो की प्रत्येक वस्तूच्या मागची ती चंदेरी पट्टी असते ना, वॅट-अँपिअर लिहिलेली, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका आणि ती रोज किती तास चालते ते खाली लिहा. मग वॅट गुणिले तास भागिले हजार, झाले रोजचे युनिट. बेरीज बिलाशी ताडून बघायची, जुळली की सिस्टिम किती किलोवॅटची ते ठरवायचं. चार-पाच वर्षं असंच चाललंय आणि जुळलं की मी पुढे काही बघतच नव्हतो, ते अमळनेरच्या एका घराने मोडलं.

मे महिन्याची गोष्ट. काकांच्या पुतण्याने फोटो पाठवले, पोरगा हुशार, क्रमाने सगळं टाकलं. दोन कूलर, एक कंपनीचा 190 वॅटचा आणि एक इथलाच पत्र्याचा ज्याला पट्टी-बिट्टी काही नाही, त्याला पण मी 190च धरले, दोन्ही मिळून दिवसाला 4.2 युनिट. चार जुने पंखे, 75 वॅटचे, 14 तास (आपल्याकडे मेमध्ये पंखा बंद कोण करतो), ते पण 4.2. लाइट, टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, वायफाय असं सगळं चिल्लर 2.1. मोटर 1 HP, 0.75 किलोवॅट, रोज 1 तास. आणि फ्रिज, पट्टीवर 230 व्होल्ट 1.1 अँपिअर म्हणजे साधारण 250 वॅट, तास लिहिले होते 24, म्हणजे दिवसाला 6 युनिट.

एकूण 17.25. गुणिले 31, झाले 535. बिल होतं 528.

अहो सात युनिटचा फरक! मी खुश. टेबल बनवून काकांना पाठवलं, वर फ्रिजची ओळ पिवळी करून दिली, कारण महिन्याला 186 युनिट, सगळ्यात जास्त तोच. काकांनी त्याच संध्याकाळी फोन केला की भाऊ फ्रिज बारा वर्षांचा आहे, बदलूनच टाकतो, दुकानात हजार रुपये ॲडव्हान्स पण देऊन आलो.

दोन दिवसांनी गच्चीची सावली मोजायला गेलो. मीटर व्हरांड्यातच होतं, त्याच्यावर लाल लाइट लुकलुकत होता आणि बाजूला छापलेलं होतं 3200 imp/kWh. म्हणजे 3200 वेळा लुकलुकलं की एक युनिट. सहज म्हटलं काकांच्या फ्रिजचा पराक्रम बघू, म्हणून फ्रिज सोडून सगळं बंद करायला लावलं. कॉम्प्रेसर गुरगुरत होता आणि मिनिटाला लाइट लागला सात वेळा. हिशोब सोपा आहे:

7 × 60 ÷ 3200 = 0.13 किलोवॅट

130 वॅट! पट्टीवाले 250 कुठे गेले? थोड्या वेळाने कॉम्प्रेसर थांबला तर लाइट जवळजवळ लागेचना. तेव्हा डोक्यात आलं की मी दोन ठिकाणी माती खाल्ली. एक तर पट्टीवरचे अँपिअर हे जास्तीत जास्त किती ओढेल त्याचे असतात, या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो तोही त्यात आला. शिवाय व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट असं मोटर-कॉम्प्रेसरला सरळ धरता येत नाही, पॉवर फॅक्टरमुळे खरे वॅट कमीच भरतात. आणि दुसरं म्हणजे फ्रिज 24 तास प्लगला असतो, पण कॉम्प्रेसर 24 तास चालत नाही. पुतण्याने लिहिलं ते खोटं नव्हतं हो, मी विचारलंच चुकीचं होतं. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर माझ्या बॅगेत असतं ते फ्रिजला लावून दिलं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुतण्याने फोटो टाकला, 1.8 युनिट. एवढ्या उन्हाळ्यात आणि एवढ्या जुन्या फ्रिजला हे ठीकच आहे.

पण खरी पंचाईत त्या व्हरांड्यातच सुरू झाली होती. 130 वॅटचा फ्रिज काही केलं तरी दिवसाला 6 युनिट खाणार नाही, मग बिल जुळलं कसं? रोजचे चारेक युनिट दुसरं कोणीतरी खात होतं आणि ते माझ्या यादीत नव्हतं. पत्र्याच्या कूलरवर संशय आला, तो एकटा चालू करून मोजला तर 210 वॅट निघाला, म्हणजे वीसच जास्त, त्यात काही एवढं जात नाही.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "झालं का तुमचं? टाकीत पाणी नाही, मोटर लावायची आहे."

त्यांनी बटण दाबलं आणि मीटरचा लाइट नुसता फडफडायला लागला. अर्ध्या मिनिटात 44, म्हणजे मिनिटाला 88, म्हणजे 1.65 किलोवॅट. 1 HP ची मोटर एवढं ओढेल होय? पुतण्याला विचारलं तू फोटो कशाचा काढला, तर तो मला हौदाजवळ घेऊन गेला. तिथे जुना मोनोब्लॉक गंजत पडला होता, बोअर झाल्यापासून बंद! चालू मोटर बोअरमध्ये खाली, तिची पट्टी पण तिच्याबरोबर खाली, फोटो काढणार कसा. काकांनी कपाटातून बिल शोधून आणलं, 1.5 HP. आणि HP म्हणजे मोटर शाफ्टवर किती ताकद देते ते, वीज त्याहून जास्त ओढते. 1.5 HP म्हणजे शाफ्टला 1.1 किलोवॅट आणि मीटरवर 1.65, बोअरच्या सिंगल फेज मोटरला हे चालतं.

"आणि रोज एकच तास लावता ना?" मी विचारलं.

काकू हसल्या. "त्याले काय माहीत, तो आठ वाजता उठतो. मी पाचला लावते, आठला बंद करते. पाणी खाली गेलंय, धार करंगळीएवढी येते."

तीन तास. 1.65 गुणिले 3 म्हणजे 4.95, मी धरले होते 0.75. फरक 4.2. आणि फ्रिज, मी धरले 6, निघाले 1.8. फरक 4.2! एका चुकीने दुसरी चूक झाकली आणि बेरीज तीच राहिली. सोलरच्या साइजला काही फरक पडला नाही कारण तिथे एकूणच लागतं, पण कशावर पैसे वाचतील हे सांगणारं माझं टेबल सपशेल उलटं होतं. मोटरचे महिन्याचे 153 युनिट आणि फ्रिजचे 56.

मग काकांना स्वच्छ सांगितलं की फ्रिजची ओळ माझी चुकली. फ्रिज बदलून फार तर महिन्याला वीस-पंचवीस युनिट वाचतील, तीसुद्धा चांगला घेतला तर. त्यापेक्षा मोटरवाल्याला बोलवा, पाइप कुठे गळतोय का आणि पाण्याची पातळी कुठे गेलीये ते बघायला सांगा, कारण धार नेहमीची आली तर तीन तासांचं काम दीडमध्ये होईल. काका थोडे चिडलेच, हजार रुपये अडकले होते ना.

तेव्हापासून तास विचारताना मी फ्रिजसमोर काही लिहायलाच लावत नाही, ते मीटर लावूनच घेतो. आणि बोअर आहे का हा प्रश्न पहिला, मग मोटरचं बटण घरात कोण दाबतं, तिच्याशीच बोलतो.

काकांना दुकानदाराने ॲडव्हान्स काही परत दिला नाही. त्यात भर घालून काकूंनी मिक्सर घेतला, आणि त्याच्या पट्टीचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "रोज पाच मिनिटं, खरंच."