बेचाळीस ठोके

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. गेल्या भादव्यात सकाळी आठच्या राऊंडला औषधांची ट्रॉली घेऊन निघाले, तेव्हा सहा नंबरच्या खाटेवर सत्तरीचे एक आजोबा होते. चार दिवस जुलाब आणि अशक्तपणा म्हणून त्यांना आदल्या रात्री दाखल केले होते. रक्तदाबासाठी ते रोज टेल्मिसार्टन ४० आणि अटेनोलॉल ५० मिलिग्रॅम घेत असत आणि केसपेपरवर 'नेहमीची औषधे चालू ठेवा' असे लिहिलेले होते. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलीने रक्तदाब मोजला. तो १०८/७० आला. वरचा आकडा शंभराच्या वर आहे, म्हणून तिने दोन्ही गोळ्या वाटीत काढल्या.

अटेनोलॉल हे हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातले औषध असल्याने ते देण्यापूर्वी रक्तदाबाइतकीच नाडीही पाहावी लागते, आणि तीही पंधरा सेकंद मोजून चाराने गुणून नव्हे, तर घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट. नाडी साठच्या खाली असेल तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना विचारायचे, असा आमचा नियम आहे. मी मनगटावर मोजली, बेचाळीस भरली. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पुन्हा मोजली, तरी बेचाळीसच. रात्रीच्या तक्त्यावर मात्र अठ्ठ्याहत्तर लिहिली होती, आणि त्याच्या वरच्या व खालच्या दोन्ही रुग्णांपुढेही अठ्ठ्याहत्तरच होती. न मोजता भरलेला आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा घातक असतो, कारण कोरा रकाना निदान पुढच्या माणसाला मोजायला भाग पाडतो.

मला नुसत्या मंद नाडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. जुलाबाने अंगातले पाणी गेलेल्या माणसाची नाडी धावायला हवी होती. मी दोन्ही गोळ्या बाजूला ठेवल्या, डॉक्टरांना बोलावले आणि ईसीजीचे यंत्र खाटेपाशी आणले. तोवर आजोबांना विचारले, तेव्हा कळले की अन्न जात नव्हते म्हणून ते चार दिवस थोडी पेज आणि रोज तीन-चार शहाळी घेत होते, आणि गोळ्या मात्र एकही दिवस चुकल्या नव्हत्या. लघवी कालपासून जेमतेम एकदा झाली होती.

ईसीजीवर टी लाटा उंच आणि टोकदार होत्या, म्हणजे रक्तात पोटॅशियम फार वाढल्याची खूण. डॉक्टरांनी रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश द्यायला सांगितले. पाठोपाठ इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज दिले आणि सलाईन चालू ठेवले. दीड तासाने अहवाल आला तेव्हा पोटॅशियम ६.७ होते आणि मूत्रपिंडाचे काम किती घटले ते दाखवणारे क्रिएटिनिन २.८, दोन्ही बरेच वाढलेले.

घडले ते असे. अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आतला दाब टिकवण्यासाठी गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी आवळून धरते. टेल्मिसार्टन नेमके तेच आवळणे सोडवते, म्हणून गाळण घटते. त्याच औषधामुळे पोटॅशियम बाहेर टाकणेही कमी होते, आणि शहाळ्याच्या पाण्यात तर ते भरपूर असते. अटेनोलॉल मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने तेही अंगात साचत गेले. मंदावलेल्या हृदयाकडून मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी पोहोचले आणि चक्र फिरत राहिले. निरोगी माणसाला जुलाबात शहाळे चांगलेच. या दोन गोळ्यांबरोबर आणि थकलेल्या मूत्रपिंडाला ते झेपले नाही.

संध्याकाळपर्यंत नाडी साठावर आली आणि लघवी सुटली. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना विचारले, एवढे जुलाब होत असताना गोळ्या कशा घेत राहिलात? ते म्हणाले, "बाय, तूच सांगितलंस ना, एक दिवस गोळी चुकवायची नाय."

सांगितले होते. रक्तदाबाच्या तपासणीच्या दिवशी मी ते प्रत्येकाला सांगते, आणि ते चुकीचेही नाही, कारण बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद केले तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, छातीत दुखू शकते. पण त्या वाक्याला पुढचे वाक्य मी कधी जोडलेच नव्हते. गोळ्या लिहिणाऱ्यांनीही ते कार्डावर लिहिले नव्हते.

घरी जाताना आजोबांना तूर्त फक्त अम्लोडिपिन दिले. ते नाडी मंदावत नाही, पोटॅशियमही वाढवत नाही. पावलांवर सूज येऊ शकते, तेवढी पाहायला मी त्यांच्या सूनबाईंना सांगितले. तपासणीनंतर टेल्मिसार्टन परत सुरू होईल तेव्हासाठी कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिले: जुलाब, उलट्या लागल्या किंवा खाणेपिणे बंद झाले तर त्याच दिवशी विचारा, ही गोळी थांबवायची का, शहाळे विचारल्याशिवाय नको, खाटेवरून उठताना आधी बसा, मग उभे राहा. सूनबाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले.

त्या आठवड्यापासून मी जुनी कार्डे परत मागवते आहे. खाडीपलीकडच्या वाड्यांतले लोक होडीने येतात, आणि पावसाळ्यात दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतात. त्यांची कार्डे अजून आलेली नाहीत.