हायवेला बॅटरी राखायची का, हे विचारलंत म्हणून

"आमची रॅव्ह-फोर प्राइम आहे, रोज घरी चार्ज करतो. हायवेला लागलं की बॅटरी होल्ड करायची की ईव्हीतच जायचं? आणि पुण्यात भावाची हायरायडर आहे, तिला ईव्हीचं बटण आहे पण होल्डचं नाही, असं का?"

भावाचं आधी घेतो, ते लवकर आटपतं. हायरायडरची बॅटरी 0.76 युनिटची, तुमची 18.1 युनिटची. त्या 0.76 मधलाही मधलाच भाग गाडी वापरू देते, वरचा आणि खालचा राखून ठेवते. म्हणजे होल्ड करायला तिच्यात काही साठतच नाही. ईव्ही बटण दाबून टोयोटाच्या अशा प्लग नसलेल्या हायब्रिड गाड्या काहीशे मीटर ते फार तर किलोमीटरभर जातात. वेग वाढला, पेडल जोरात दाबलं किंवा बॅटरी उतरली की मोड आपोआप सुटतो.

तरी लोक कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते बटण दाबतात आणि ॲव्हरेज का पडलं म्हणून विचारतात. अहो, ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवायचं काम ती गाडी बटणाशिवायच करते. मीटरवर नुसतं EV दिसतं तेव्हा इंजिन बंद आहे एवढाच त्याचा अर्थ. EV MODE दिसतं ते तुमच्या बटणामुळे. बटणाच्या हट्टाने बॅटरी तळाला नेली, की पुढच्या सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन ती भरायला चालू होतं, आणि उभ्या-उभ्या भरणं सगळ्यात महाग पडतं. बटणाचा खरा उपयोग बेसमेंटमधून गेटपाशी गाडी लावताना, किंवा रात्री सोसायटीत आवाज नको तेव्हा. गाडी चालू केल्या केल्या, इंजिन सुरू व्हायच्या आत दाबावं.

घाटाचंही सांगून टाकतो. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी बोरघाटात सुमारे 500 मीटर वर चढते तेव्हा नुसत्या चढाला दोन युनिट लागतात. बॅटरी अख्खी पाऊण युनिटची. खोपोलीला बटण दाबून काय साधणार? उतरताना हाच हिशोब उलटा: ती निम्म्या घाटातच भरते, पुढे ब्रेकमधून वीज घ्यायला जागा उरत नाही. तेव्हा लिव्हर B ला टाका, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवेल.

आता तुमची गाडी. तिच्यात होल्डचं वेगळं बटण नाही. एचव्ही, म्हणजे हायब्रिड मोडमध्ये टाकलं की त्या क्षणी जितकी बॅटरी असेल तितपतच गाडी ती सांभाळते. मित्सुबिशीत याला सेव्ह म्हणतात, व्होल्वोत होल्ड.

सगळा गोंधळ ईव्ही-एचव्ही बदलायच्या बटणावरच्या CHG HOLD या अक्षरांपायी होतो. लोक वाचतात "होल्ड", बटण दाबून धरतात आणि बॅटरी राखली अशा समाधानात निघतात. प्रत्यक्षात बटण दाबून धरलं की चार्जिंग मोड लागतो: इंजिन गाडी ओढतं आणि वर बॅटरीही भरतं, सुमारे 80 टक्क्यांपर्यंत. ओळखायचं असं की सपाट रस्त्यावर ईव्हीचे उरलेले मैल वाढत जातात, सिग्नलला इंजिन बंद होत नाही आणि ॲव्हरेज घसरतं. पेट्रोलची वीज करायची, ती बॅटरीत घालायची, पुन्हा काढून चाकाला द्यायची, प्रत्येक पायरीला गळती. तीच वीज रात्री घरच्या प्लगवर मिळत असताना हा उद्योग कशाला? पुढे खरोखर इंजिनाशिवाय जायचंच असेल आणि चार्जर नसेल, तरच. राखायचं असेल तर बटण एकदा नुसतं दाबून सोडा आणि मीटरवर एचव्ही आलं ना ते बघा.

आणखी एक खोड. वाटेत रेस्ट एरियात गाडी बंद करून पुन्हा चालू केलीत की ती परत ईव्हीत येते. कॉफी घेऊन न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर चढलात की 70 मैलांच्या वेगाने राखलेली बॅटरी उडायला लागते, आणि लक्षात येईपर्यंत दहा मैल गेलेले असतात.

मग राखून मिळतं काय? एडिसन ते वॉशिंग्टन धरू, सुमारे 200 मैल. निघाल्यापासून ईव्हीत गेलात तर हायवेच्या वेगाने बॅटरी साधारण 35 मैल पुरेल असं धरा. तेवढ्याला या गाडीला हायवेला लागलं असतं 36 च्या ॲव्हरेजने 0.97 गॅलन. तीच बॅटरी वॉशिंग्टनच्या गर्दीसाठी राखलीत तर हळू वेगात 45 मैल जाईल, आणि शहरातल्या 40 च्या ॲव्हरेजने वाचेल 1.12 गॅलन. फरक गॅलनच्या सातव्या भागाएवढा. एवढाच! याच्यावर व्हॉट्सॲपवर तावातावाने भांडणं होतात. टोयोटाची हायब्रिड पेट्रोलवरही शहरातच जास्त ॲव्हरेज देते, म्हणून राखण्याचा फायदा वाटतो तितका मोठा निघत नाही.

उलट, राखली आणि उरली तर? परतताना 20 मैलांची बॅटरी शिल्लक ठेवून घरच्या चार्जरला लागलात, तर अर्धा गॅलन उगाच जाळलात. म्हणून येण्याजाण्याचं सगळं अंतर बॅटरीत बसत असेल, तर हायवे असो की गल्ली, ईव्हीतच जा. बसत नसेल तर हायवेचा लांब पट्टा एचव्हीत आणि शेवटचे 30-35 मैल ईव्हीत, असं की चार्जरपाशी पोचताना बॅटरी संपत आलेली असेल. पाच-पाच मैलांवर मोड बदलू नका. थंड इंजिन तापायला जे पेट्रोल जातं ते दर वेळी नव्याने जातं.

पैशाचं म्हणाल तर आधी विजेचं बिल बघा. 100 मैलांना 36 युनिट आणि पेट्रोलवर 38 चं ॲव्हरेज, हा या गाडीचा अधिकृत आकडा. तुमच्या युनिटच्या दराला 14 ने गुणा. वीस सेंटला युनिट असेल तर 2.80 डॉलर. गॅलन त्याहून स्वस्त मिळत असेल तर खिशाच्या दृष्टीने ईव्हीत काही वाचत नाही. हे सांगितलं की लोकांना राग येतो, पण गुणाकार त्यांनीच करून बघावा.

हिवाळ्यात मात्र माझं वरचं गणित मलाच पुरेसं वाटत नाही. गाडीचा हीट पंप उणे 10 सेल्सिअसच्या आसपास हात टेकतो आणि मग ईव्हीतही इंजिन चालू होतं. समोरच्या काचेचं डिफ्रॉस्ट दाबलं तरी होतं. इंजिन चालू होणारच असेल तर ते आधी हायवेला चालवावं, त्याची उष्णता आतल्या हीटरला फुकट मिळते, आणि काचा निवळल्यावर पुढे ईव्हीत जावं. हे मला पटतं. पण घरापासून तीन मैलांवर ऑफिस असेल तर? तिथे इंजिन तापतही नाही आणि बॅटरीही वाचत नाही. अशांना मी सीट आणि स्टिअरिंगचा हीटर लावा, हवेचा हीटर कमी ठेवा, डिफ्रॉस्टऐवजी निघण्याआधी प्लगवर असतानाच गाडी गरम करून घ्या असं सांगतो. बर्फाच्या दिवशी काच धुरकटली की तुम्ही ते बटण दाबणारच, आणि दाबायलाच हवं.